क्लॉसियसच्या असमानतेतून एन्ट्रॉपी कशी निघते: एकेक पायरी

थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात एक पान असं असतं की तिथे बहुतेक विद्यार्थी अडखळतात. वर क्लॉसियसची असमानता लिहिलेली असते:

∮ δQ/T ≤ 0

आणि तिच्याखाली दोन-तीन ओळींत निष्कर्ष येतो, ‘म्हणून एन्ट्रॉपी हे अवस्था फलन आहे’. वाचणाऱ्याच्या मनात लगेच दोन शंका येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली: चिन्ह ‘लहान किंवा समान’ असं आहे, मग त्यातून नेमकी समानता कुठून आली? दुसरी: एखाद्या चक्रात ही बेरीज ऋण येऊ शकत असेल, तर चक्र पूर्ण झाल्यावर एन्ट्रॉपी मूळ किमतीवर परतते असं कसं म्हणायचं? या दोन शंका फिटल्या की सिद्धता समजलीच. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

आधी चिन्हांचा अर्थ पक्का करा

अवस्था फलन म्हणजे अशी राशी, जिची किंमत वस्तू आत्ता कोणत्या अवस्थेत आहे एवढ्यावरच ठरते. ती वस्तू तिथवर कशी पोहोचली याच्याशी त्या किमतीला देणंघेणं नसतं. आंतरिक ऊर्जा तशी आहे. उष्णता तशी नाही. ‘या वायूत किती उष्णता आहे’ या प्रश्नालाच अर्थ नाही. ‘या प्रक्रियेत किती उष्णता आत आली’ एवढंच विचारता येतं. म्हणूनच तिच्या छोट्या हिश्शासाठी dQ न लिहिता δQ लिहितात.

इथे δQ म्हणजे वस्तूत आत येणारी उष्णता. आत आली तर धन, बाहेर गेली तर ऋण. हा संकेत उलटा घेतला तर असमानतेचं चिन्हही उलटतं, म्हणून कोणतंही पुस्तक उघडलं की आधी त्याचा संकेत तपासा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो T मुळे. असमानतेतलं T हे ज्या साठ्याकडून उष्णता येते त्या साठ्याचं निरपेक्ष तापमान आहे. ते वस्तूचं तापमान असेलच असं नाही. साठा म्हणजे एवढी मोठी वस्तू, की तिच्यातून थोडी उष्णता काढली किंवा तिच्यात घातली तरी तिचं तापमान हलत नाही. वस्तू ३०० केल्विनवर आणि साठा ६०० केल्विनवर असेल, तर भागायचं ६०० ने. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा त्याची गरज पडणार आहे.

पायरी १: असमानता खरी का आहे

समजा कोणी दावा केला, की माझं इंजिन दर फेरीला ५०० केल्विनच्या साठ्यातून १००० ज्यूल उष्णता घेतं, ३०० केल्विनच्या साठ्यात ४०० ज्यूल सोडतं आणि ६०० ज्यूल काम देतं. ऊर्जेचा हिशोब चोख आहे. पण δQ/T ची बेरीज करून पाहा: १००० ÷ ५०० म्हणजे २, त्यातून ४०० ÷ ३०० म्हणजे १.३३ वजा. उरतात +०.६७ ज्यूल प्रति केल्विन. बेरीज धन आली, म्हणजे असमानता मोडली. असं इंजिन असतं तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं ते असं. ५०० केल्विनचा साठा काढून टाका आणि त्याच्या जागी उलट चालणारं कार्नो इंजिन, म्हणजे उष्मापंप लावा. तो ३०० केल्विनच्या साठ्यातून उष्णता उचलून ५०० केल्विनवर १००० ज्यूल पोहोचवेल. कार्नो इंजिनात दोन टोकांच्या उष्णतांचं गुणोत्तर तापमानांच्या गुणोत्तराइतकंच असतं; निरपेक्ष तापमानाची व्याख्याच त्यावर उभी आहे. म्हणून पंप ३०० केल्विनच्या साठ्यातून ६०० ज्यूल घेईल आणि त्याला चालवायला ४०० ज्यूल काम लागेल. आता जमाखर्च मांडा. ३०० केल्विनच्या साठ्यातून ६०० ज्यूल गेले आणि ४०० परत आले, म्हणजे निव्वळ २०० ज्यूल गेले. इंजिनाने ६०० ज्यूल काम दिलं, पंपाने ४०० खाल्लं, म्हणजे निव्वळ २०० ज्यूल काम मिळालं. इंजिन आणि पंप दोन्ही मूळ जागी परतले. म्हणजे एकाच साठ्यातली उष्णता घेऊन तिचं संपूर्ण काम झालं आणि जगात दुसरा कुठलाही बदल उरला नाही. केल्विनच्या मांडणीतला दुसरा नियम नेमकं हेच नाकारतो.

सर्वसाधारण सिद्धता म्हणजे हीच युक्ती, फक्त प्रत्येक छोट्या पावलावर वापरलेली. वस्तूला T तापमानावर δQ उष्णता हवी असेल, तर ती थेट न देता, T₀ तापमानाच्या एकाच मोठ्या साठ्यातून छोट्या कार्नो इंजिनामार्फत द्यायची. त्या साठ्यातून त्या वेळी जाणारी उष्णता T₀·δQ/T इतकी असते. वस्तूचं चक्र पूर्ण झाल्यावर साठ्याने दिलेली एकूण उष्णता होते:

Q₀ = T₀ ∮ δQ/T

वस्तू परत पहिल्या अवस्थेत आली आहे, छोटी इंजिनंही मूळ जागी आली आहेत. म्हणून ऊर्जेच्या हिशोबाने मिळालेलं सगळं काम Q₀ इतकंच. ते धन असू शकत नाही, कारण एका साठ्याची उष्णता पूर्णपणे कामात बदलता येत नाही. ऋण चालेल, तेव्हा नुसतं काम खर्ची पडून उष्णता होते. त्याला कुठलाच नियम अडवत नाही. शून्यही चालेल. T₀ धन आहे, म्हणून ∮ δQ/T ≤ 0.

या सिद्धतेत आपण वस्तूबद्दल काहीही गृहीत धरलं नाही. ती वायू असो, रबराची पट्टी असो की बॅटरी. चक्र हळू चाललं की धसमुसळेपणाने, तेही विचारलं नाही. या सर्वव्यापीपणावरच पुढची पायरी उभी आहे.

पायरी २: चक्र उलटं चालवा

आता फक्त रिव्हर्सिबल चक्रं घ्या. रिव्हर्सिबल म्हणजे नुसतं ‘सुरुवातीला परत येणारं’ नव्हे. तसं तर प्रत्येकच चक्र असतं. रिव्हर्सिबल म्हणजे ज्याचं प्रत्येक पाऊल, वस्तू आणि साठे दोन्ही धरून, मागच्या मागे चालवता येतं. त्यासाठी उष्णता जाताना वस्तू आणि साठा यांचं तापमान जवळजवळ सारखं हवं, इतकं की केसभर फरकाने उष्णतेची दिशा फिरावी. दाबाचंही तसंच. घर्षण अजिबात नको.

असं चक्र उलटं चालवलं तर प्रत्येक पावलावर δQ चं चिन्ह बदलतं: जिथे १०० ज्यूल आत आले होते तिथे १०० ज्यूल बाहेर जातात. T मात्र तेच राहतं, कारण देवाणघेवाण त्याच तापमानाच्या साठ्याशी होते. म्हणून सुलट चक्राची बेरीज X असेल तर उलट चक्राची बेरीज −X.

आणि उलट चक्र हेही एक चक्रच आहे! पहिल्या पायरीत आपण कुठल्याच चक्राला सूट दिली नव्हती. म्हणून दोन्हींना असमानता लागू करा:

X ≤ 0 आणि −X ≤ 0

दुसऱ्या ओळीचा अर्थ X ≥ 0. शून्याहून मोठी नाही आणि शून्याहून लहानही नाही अशी संख्या एकच. म्हणून प्रत्येक रिव्हर्सिबल चक्रासाठी

∮ δQ/T = 0

पहिली शंका इथे फिटते. समानता असमानतेच्या पोटातून कुठून तरी उपटून काढलेली नाही. एकच असमानता दोन बाजूंनी लावली आणि मध्ये समानतेशिवाय काही उरलं नाही.

मग हीच युक्ती कुठल्याही चक्राला का लावत नाही? कारण इर्रिव्हर्सिबल चक्राचं उलट रूप अस्तित्वातच नसतं. ६०० केल्विनच्या साठ्यातून ३०० केल्विनच्या वायूत उष्णता जाते, पण त्याच वायूतून त्याच साठ्यात ती आपणहून परत जात नाही. कागदावर −X लिहिता येतं, पण −X देणारं चक्र प्रत्यक्षात नसल्यामुळे त्याला असमानता लावायला काही जागाच नसते. परीक्षेच्या उत्तरांत सर्रास होणारी चूक इथलीच: ‘रिव्हर्सिबल’ हा शब्द न लिहिता समानता लिहिली जाते.

पायरी ३: चक्र दोन तुकड्यांत कापा

एका रिव्हर्सिबल चक्रावर A आणि B या दोन अवस्था निवडा. A पासून B पर्यंतचा पहिला मार्ग, आणि B पासून A कडे आणणारा दुसरा. दोन्ही तुकड्यांची बेरीज शून्य. दुसरा तुकडा उलटा फिरवला की चिन्ह बदलतं आणि तोही A कडून B कडे जाणारा मार्ग होतो. म्हणून दोन्ही मार्गांवर A पासून B पर्यंत ∫ δQ/T ची किंमत एकच.

हे कोणत्याही दोन रिव्हर्सिबल मार्गांसाठी खरं आहे, कारण असे कुठलेही दोन मार्ग जोडले की रिव्हर्सिबल चक्र तयार होतंच. म्हणजे ती किंमत मार्गावर अवलंबून नाही, फक्त A आणि B वर आहे. आता एक संदर्भ अवस्था O ठरवा, तिला मनाजोगती एक किंमत द्या, आणि बाकी प्रत्येक अवस्थेची किंमत O पासून कुठल्याही रिव्हर्सिबल मार्गाने जाऊन मोजा. कोणता मार्ग घेतला याने फरक पडत नाही, म्हणून प्रत्येक अवस्थेला एकच निश्चित संख्या मिळते. तीच एन्ट्रॉपी S:

S(B) − S(A) = ∫ δQ/T, रिव्हर्सिबल मार्गावर

रुडॉल्फ क्लॉसियसने चक्रावरचा हा विचार १८५४ साली मांडला, आणि या राशीला एन्ट्रॉपी हे नाव दिलं १८६५ साली. बदल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने ते घडवलं आणि मुद्दाम एनर्जी या शब्दाशी जुळेल असं ठेवलं. नाव मिळायला अकरा वर्षं गेली, हे मला नेहमी धीर देणारं वाटतं. ज्याने शोध लावला त्यालाही या राशीचं स्वरूप नीट दिसायला वेळ लागला होता.

पायरी ४: आकडे घालून पाहा

एक मोल आदर्श एकाणू वायू घ्या. A अवस्थेत तो ३०० केल्विनवर १० लिटर आहे. B अवस्थेत ६०० केल्विनवर २० लिटर. दोन्हीकडे दाब सारखाच येतो. अशा वायूची मोलर उष्माधारिता स्थिर आकारमानाला १२.४७ आणि स्थिर दाबाला २०.७९ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. २ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३ आहे.

पहिला मार्ग असा: आधी ३०० केल्विनवर तापमान कायम ठेवून दट्ट्या हळूहळू सोडत १० चे २० लिटर करा, मग दट्ट्या अडकवून ६०० केल्विनपर्यंत तापवा. पहिल्या भागात आत येणारी उष्णता ८.३१४ × ३०० × ०.६९३, म्हणजे सुमारे १७२९ ज्यूल. दुसऱ्या भागात १२.४७ × ३००, म्हणजे ३७४१ ज्यूल. एकूण ५४७० ज्यूल.

दुसरा मार्ग: दाब कायम ठेवून सरळ ३०० पासून ६०० पर्यंत तापवा. उष्णता २०.७९ × ३००, म्हणजे सुमारे ६२३६ ज्यूल.

दोन मार्गांच्या उष्णतेत ७६६ ज्यूलचा फरक आहे. उष्णता अवस्था फलन नाही हे इथे डोळ्यांनी दिसतं. आता प्रत्येक हिस्सा त्या-त्या वेळच्या तापमानाने भागा. पहिल्या मार्गावर १७२९ ÷ ३०० = ५.७६, आणि तापवण्याच्या भागात १२.४७ × ०.६९३ = ८.६४. बेरीज १४.४१. दुसऱ्या मार्गावर २०.७९ × ०.६९३ = १४.४१ ज्यूल प्रति केल्विन. जुळलं.

इथे रिव्हर्सिबल तापवणं म्हणजे काय, तेही लक्षात घ्या. ६०० केल्विनच्या एका साठ्याला वायू टेकवून चालणार नाही. ३०० च्या किंचित वर, मग त्याहून किंचित वर, अशी साठ्यांची लांबलचक रांग लागेल आणि वायू एकेका साठ्याशी टेकत पुढे जाईल. प्रत्यक्षात अशी रांग कोणी लावत नाही. पण एन्ट्रॉपीचा फरक काढायला तो मार्ग कागदावर शक्य असणं पुरेसं आहे.

हाताशी आकडे आहेतच तर एक गंमत जरूर करून पाहा: केल्विनऐवजी सेल्सियसने भागा. A चं तापमान २६.८५ आणि B चं ३२६.८५ अंश. पहिल्या मार्गाची बेरीज सुमारे ९६ येते, दुसऱ्याची सुमारे ५२. जुळणी मोडते. कोणत्याही तापमानाने भागून भागत नाही. कार्नो इंजिनावर आधारलेलं निरपेक्ष तापमानच हवं, आणि पहिल्या पायरीत आपण ते वापरलं होतं ते उगाच नाही.

मात्र आदर्श वायूवर आकडे जुळले ही सिद्धता नव्हे. आदर्श वायूसाठी ही जुळणी दुसऱ्या नियमाचं नाव न घेता नुसत्या समीकरणांतूनही दाखवता येते. असमानतेने जास्तीचं काय दिलं? तर जिचं समीकरण आपल्याला माहीतही नाही अशा कुठल्याही वस्तूसाठी हीच खात्री.

पायरी ५: मग ऋण बेरजेचं काय?

आता दुसरी शंका. तोच वायू A मध्ये आहे. दाब कायम ठेवून तो थेट ६०० केल्विनच्या एकाच साठ्याला टेकवा आणि तापू द्या. आत येणारी उष्णता पुन्हा ६२३६ ज्यूलच, कारण स्थिर दाबाला ती तेवढीच लागते. पण साठा पूर्ण वेळ ६०० वर आहे. म्हणून ∫ δQ/T = ६२३६ ÷ ६०० = १०.३९.

परतीचा प्रवास साठ्यांच्या रांगेतून, दुसऱ्या मार्गाने रिव्हर्सिबल करा: −१४.४१. चक्राची बेरीज −४.०२. असमानता पाळली गेली, बेरीज ऋण आहे. मग एन्ट्रॉपी या चक्रात ४ ने घटली का? नाही. वायू A वर परत आला, A ची एन्ट्रॉपी A चीच. वायूच्या एन्ट्रॉपीतला बदल जाताना +१४.४१, येताना −१४.४१, एकूण शून्य.

सगळा गोंधळ एका गैरसमजातून येतो: δQ/T म्हणजेच dS असं धरलं जातं. ते फक्त रिव्हर्सिबल पावलावर खरं आहे. बाकी ठिकाणी त्या दोन वेगळ्या राशी आहेत. चक्रावर dS ची बेरीज नेहमीच शून्य, चक्र कसंही असो. δQ/T ची बेरीज मात्र शून्य किंवा ऋण. आपल्या चक्राने हीच गोष्ट सर्वसाधारणपणे सिद्ध केली आहे: जाण्याचा मार्ग कसाही आणि परतीचा रिव्हर्सिबल असं चक्र घेऊन असमानता लावली, की

∫ δQ/T ≤ S(B) − S(A)

डावी बाजू मार्गाप्रमाणे बदलते, उजवी बदलत नाही. आपल्या उदाहरणात १०.३९ आणि १४.४१. मधला ४.०२ चा फरक म्हणजे गरम साठ्यातून थंड वायूत उष्णता पडताना तयार झालेली एन्ट्रॉपी. साठ्याने १०.३९ गमावली, वायूने १४.४१ मिळवली.

याच पायरीवर एक चाणाक्ष प्रश्न येतो: साठा आणि वायू यांच्यामध्ये उष्णता अगदी सावकाश झिरपू देणारी भिंत घातली, आणि वायूच्याच तापमानाने भागलं तर? तर १४.४१ येईल. चूक नाही ते. तेव्हा वायूपुरती प्रक्रिया रिव्हर्सिबलसारखीच आहे आणि सगळी इर्रिव्हर्सिबिलिटी भिंतीत घडते. सीमा कुठे आखली आणि T कुठलं धरलं, हे लिहिल्याशिवाय अशा उत्तरावर वाद घालू नका.

मुक्त प्रसरण हे याचं टोकाचं रूप. भक्कम, उष्णतारोधक डब्यात पडदा काढला आणि ३०० केल्विनचा आपला वायू १० वरून रिकाम्या जागेत पसरून २० लिटर झाला. उष्णता शून्य, म्हणून ∫ δQ/T शून्य. ‘उष्णताच आली नाही, मग एन्ट्रॉपी बदलली नाही’ असं उत्तर लिहिणारे दरवर्षी भेटतात. पण आदर्श वायूचं तापमान ३०० च राहतं, म्हणजे शेवटची अवस्था आपल्या पहिल्या मार्गाच्या मधल्या थांब्याचीच आहे. तिथवर रिव्हर्सिबल मार्गाने जाताना ५.७६ आले होते. एन्ट्रॉपी अवस्था फलन आहे, म्हणून पडदा काढून पोहोचलात तरी बदल ५.७६ च.

ही सिद्धता कुठवर पोहोचते

दोन मर्यादा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एन्ट्रॉपीची ही व्याख्या समतोल अवस्थांनाच लागू पडते, आणि त्या अवस्था किमान एका रिव्हर्सिबल मार्गाने जोडता आल्या पाहिजेत. मुक्त प्रसरणात वायू सैरावैरा धावत असतो त्या क्षणाची एन्ट्रॉपी किती, हे या सिद्धतेतून मिळत नाही. आधीची आणि नंतरची मिळते. दुसरं असं, की संदर्भ अवस्थेची किंमत आपण मनाने दिली होती. म्हणून इथे फक्त फरक ठरतात. शून्य कुठे ठेवायचं, हा प्रश्न तिसऱ्या नियमाकडे जातो.

सरावासाठी याच A आणि B मध्ये तिसरा रिव्हर्सिबल मार्ग घ्या: आधी दट्ट्या अडकवून १० लिटरवरच ६०० केल्विनपर्यंत तापवा, मग ६०० वर तापमान कायम ठेवून २० लिटर करा. उष्णता ७१९९ ज्यूलच्या आसपास यायला हवी, दोन्ही मार्गांहून जास्त. भागाकारांची बेरीज १४.४१ आली नाही, तर दुसऱ्या भागात तुम्ही ६०० ऐवजी ३०० ने भागलं आहे का ते आधी पाहा.